जादा सदस्य

मला मोबाईलवरचे मेसेज सापडत नाहीत, असा माझ्या घरच्यांचा ठाम समज होता, आणि तो समज मी दीड वर्ष अगदी जिवापाड जपला. अहो, खडकीला सरकारी कचेरीत जन्म काढलाय मी, तोही रजेच्या टेबलावर. कुणाची रजा मंजूर, कुणाची नामंजूर, कुणाचा कागद साहेबांकडे आज जाईल आणि कुणाचा चार दिवसांनी, हे सगळं चंपा कांबळे या बाईच्या हातात असायचं. कॉम्प्युटर आले तेव्हा आमच्या खोलीत सगळ्यात आधी मी शिकले. मला म्हणे मेसेज सापडत नाही! पण म्हणू दे म्हटलं. त्यात माझा फायदा होता.

फायदा काय तो सांगते. आमचे हे गेल्यावर अभयनं, म्हणजे माझ्या मुलानं, विश्रांतवाडीच्या या फ्लॅटमध्ये मोठा टीव्ही आणून लावला. आईला एकटं वाटू नये म्हणून. एकटं वाटू नये म्हणून मुलं टीव्हीच आणतात, स्वतः येत नाहीत, हे आता सगळीकडंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टीव्हीबरोबर ते सिनेमा-मालिकांचं अ‍ॅप घेतलं, चांगला मोठा फॅमिली प्लॅन. खातं माझ्या मोबाईल नंबरवर, पैसे दर महिन्याला अभयच्या खात्यातून आपोआप जाणार. मग त्याच लॉगिननं त्यानं तिकडं मांजरी भागात स्वतःच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू केला. मग माझ्या मुलीनं, दीपालीनं, खडकीच्या क्वार्टरमध्ये चालू केला. तिची मुलगी अक्षता कॉलेजात, ती मोबाईलवर. तीन घरं, एक प्लॅन, आणि पासवर्ड सगळ्या खानदानाला पाठ.

काही दिवस छान चाललं. मग त्या कंपनीला अक्कल आली. फॅमिली प्लॅन म्हणजे एका घरातली फॅमिली, असं त्यांचं म्हणणं पहिल्यापासून होतंच, फक्त आपण वाचलं नव्हतं. आता त्यांनी ते लागू केलं. माझ्या घरचा टीव्ही म्हणजे खात्याचं मूळ घर. बाकीच्या टीव्हींवर पाटी यायला लागली, की हा टीव्ही या घरचा दिसत नाही. खाली एक बटण असायचं: मी प्रवासात आहे. ते दाबलं की माझ्या मोबाईलवर कोड येणार, तो कोड पंधरा मिनिटांच्या आत तिकडच्या टीव्हीवर टाकायचा, की थोडे दिवस टीव्ही चालणार. मग पुन्हा पाटी, पुन्हा बटण, पुन्हा कोड. कंपनीच्या समजुतीनं माझी मुलगी दीड वर्ष प्रवासात होती. खडकीत.

आणि कोड माझ्या मोबाईलवर, म्हणजे मला फोन करणं आलं!

पहिल्यांदा दीपालीचा आला. "आई, कोड आला असेल बघ, पटकन सांग." मी सांगितला. "थँक यू," म्हणाली आणि ठेवला की फोन. त्या आधी आठ-दहा दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता मी. मी फोनकडं बघत बसले. राग आला मला, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी अभयचा आला. म्हटलं, "थांब हं, चष्मा कुठं ठेवलाय बघते." चष्मा डोळ्यांवरच होता. "तोवर सांग, जेवलात का सगळे? आयुषचा खोकला कसा आहे?" टेबलासमोर माणूस थांबवून कसा ठेवायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. खेकसायचं नाही, नाही म्हणायचं नाही. फक्त शोधत राहायचं.

आणि काय सांगू, माणसं बोलायला लागली! थांबलेल्या माणसाला गप्प राहवत नाही. अभयच्या ऑफिसातली निम्मी माणसं काढली आणि आपला नंबर कधी लागेल या धास्तीनं त्याची झोप उडालीय, हे मला त्यानं कोडची वाट बघताना सांगितलं. एरवी विचारलं की, "मस्त चाललंय, आई." दीपालीचा गुडघा दुखतोय आणि ती डॉक्टरकडं जायला घाबरतेय, हे कोडमुळं कळलं. अक्षतानं तर कुणा सार्थकचं नाव घेतलं आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, "थांब गं, मेसेज उघडतोय, उघडतोय, कोण सार्थक?" मेसेज कधीच उघडलेला होता. असा सगळा कारभार.

फसगत झाली ती जावईबापूंच्या पायी.

सुदर्शनराव, दीपालीचे मिस्टर, बोलायला भारी कंजूष. आमच्याकडं येऊन तीन तास बसतील आणि निघताना "येतो" म्हणतील, संपलं भाषण. त्या दिवशी कबड्डीची फायनल होती. दुसरा हाफ सुरू असताना त्यांच्या टीव्हीवर पाटी आली. दीपाली बाहेर गेलेली, म्हणून नाइलाजानं स्वतः फोन केला. "जयभीम आई. कोड." मी म्हटलं, आयता माणूस हाताशी लागलाय, सोडते की काय. "जयभीम. बघते हं. दीपालीला गुडघ्याच्या डॉक्टरांकडं नेलंत का?" "नेतो. कोड." "कधी नेताय?" "आई, कोड." "अहो, नुसतं नेतो म्हणून काय होतंय, वार सांगा." आता त्यांनी वार सांगितला असता तर मी कोड दिला असता ना. पण गडी हट्टी. शेवटी बुधवार म्हणाले, मी आकडे वाचले, तर त्या कोडची मुदत संपलेली. पुन्हा मागवला. तो येईपर्यंत सामना संपला आणि त्यांची टीम एका गुणानं जिंकली. जिंकली हो, हरली नाही! तरी माणसानं तोंड फुगवलं. म्हणे शेवटची चढाई बघायची राहिली.

झालं. अभयनं ग्रुपवर टाकलं, "रविवारी आईकडे बसू. सबस्क्रिप्शनचं एकदा नीट ठरवू." लग्नाची बैठक बसावी तसं. मला मात्र आनंद झाला. सगळे एकदम येणार होते. विहारातली वंदना आटोपून आले आणि लगेच चिकनच्या रश्शाला लागले. भाकरीचं पीठ सकाळीच दळून आणलं होतं.

जेवणं झाली आणि अभय लॅपटॉप उघडून बसला, ऑफिसात बसतो तसा. शेजारी सूनबाई श्रद्धा. ती एका बँकेत आहे, कायम घड्याळाकडं बघणारी, हसते नीट, बोलते मोजून. आयुष, त्यांचा मुलगा, माझ्या मांडीवर लोळत होता. खडकीची तिघं सोफ्यावर.

आधी प्रोफाईलची भांडणं निघाली. पाच प्रोफाईल आहेत त्या खात्यात, आणि यादीत माझं पहिलं. त्यामुळं ज्याला त्याला घाई, जो तो माझ्यावरच बोट ठेवून आत शिरणार. परिणाम असा, की ते अ‍ॅप मला रोज सकाळी कबड्डी, कोरियन प्रेमप्रकरणं, भुताचे सिनेमे आणि बोलणाऱ्या मोटारी सुचवायचं. अ‍ॅपच्या मते चंपा कांबळे म्हणजे कोण बाई आहे, तिला मला एकदा भेटायचं होतं. मी बघत असलेली मालिका मात्र त्या ढिगाऱ्यात खाली कुठंतरी गाडलेली. अक्षता म्हणाली, "आजी, माझ्या प्रोफाईलवर पप्पा कुस्त्या बघतात, मैत्रिणींसमोर उघडायची लाज वाटते." सुदर्शनराव छताकडं बघत बसले. श्रद्धा म्हणाली, "गमतीचं सोडा. आयुषनं परवा आईंच्या प्रोफाईलवर खुनाची मालिका लावली होती. दोन दिवस एकटा झोपत नव्हता."

खरंच होतं ते. मग ठरलं पटापट. ज्याचं त्यानं आपल्याच नावावर जायचं. आयुषचं लहान मुलांचं प्रोफाईल, वयाप्रमाणं जेवढं दिसायला हवं तेवढंच दिसेल असं, आणि बाकीच्या सगळ्यांच्या प्रोफाईलला पिनचं कुलूप, म्हणजे तो दुसऱ्या दारानं आत शिरायला नको. पिन मुलासमोर मोठ्यानं ओरडून सांगायचा नाही, हेही ठरवावं लागलं. आमच्या घरात ते ठरवावंच लागतं.

मग पैशाचं. आजवर सगळा भार अभयवर. सुदर्शनराव दर दिवाळीला "यंदा माझ्याकडून" म्हणायचे आणि दिवाळी निघून जायची. दीपालीलाच लाज वाटली, म्हणाली, "अभय, आम्ही आमचं वेगळं घेतो. आम्ही तिघंच, आम्हाला छोटा प्लॅन पुरे. आमचं म्हणून काही असू दे की." अक्षता लगेच दचकली, "माझी अर्धी बघितलेली सगळी जातील?" अभय म्हणाला, "जात नाहीत. प्रोफाईल नव्या खात्यात हलवता येतं. बघितलेलं, ठेवलेलं, सगळं बरोबर येतं." मला बरं वाटलं. भावाबहिणींत पैशावरून शब्द वाढला नाही, ज्याचा त्यानं भार उचलला. शहाणी मुलं आहेत माझी, ते मी कुठंही सांगेन.

"आता राहिलं आई आणि आम्ही," अभय म्हणाला. "मूळ घर मांजरी करायचं. पैसे मी भरतो, माणसं तिकडं जास्त, एका वेळी दोन-दोन स्क्रीन लागतात. खात्याचा नंबर पण माझा लावतो. आणि आईला जादा सदस्य म्हणून घ्यायचं. थोडे वरचे पैसे पडतात. तिला तिचं वेगळं लॉगिन, एक प्रोफाईल, एका वेळी एक स्क्रीन. आईला तेवढंच लागतं. कुणाला कोड विचारायला नको, कुणाला सांगायला नको. कायमची कटकट मिटली."

जादा सदस्य! खात्याचं मूळ घर माझं, आणि त्याच खात्यात मी जादा! तेही सोडा, शब्द कंपनीचा आहे, मुलाचा नाही. पण कोड गेला म्हणजे फोन गेले. ते कुणाला कळतंय? मला तेवढंच कळत होतं.

"नंबर माझाच राहू दे," मी म्हटलं.

"अगं का पण?"

"पहिल्यापासून माझा आहे."

"आई, तुलाच त्रास होतो ना? मेसेज सापडत नाहीत, चष्मा सापडत नाही, घाम फुटतो तुला."

"मला काही घाम फुटत नाही. पहिला टीव्ही ज्याच्या घरी, खातं त्याचं. हा न्याय झाला." मी भांडले हो, चांगली भांडले. म्हटलं, मूळ घर हलवायचं तर खातेदाराची संमती लागते, विचारा कंपनीला. म्हटलं, वरचे पैसे मी देते, मूळ घरच माझं ठेवा आणि तुम्ही व्हा जादा. अभय म्हणाला, जादा सदस्याला एकच प्रोफाईल मिळतं, आम्ही तिघांनी त्यात कसं बसायचं? बरोबर होतं त्याचं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता, तोच तर माझा वैताग. कागदावर त्याच्या बाजूला सगळं होतं आणि माझ्या बाजूला नुसता हट्ट. दीपाली डोळ्यांनी भावाला खुणावत होती, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटतंय.

तेवढ्यात श्रद्धा म्हणाली, "पण आईंना मेसेज सापडत नाही, असं कोण म्हणतं?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"मी फोन केला की लगेच सांगतात. मी 'हॅलो' म्हणायच्या आत चार आकडे सांगून मोकळ्या. चष्मा वगैरे काहीच नाही. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं सांगतात."

अगं बाई गं! मी कधी विचारच केला नव्हता. श्रद्धाचा फोन बँकेतून यायचा, जेवणाच्या सुट्टीत; घरी आयुषला सांभाळणाऱ्या बाईंनी टीव्ही लावलेला असायचा. मीही पटकन द्यायची. खोळंबवून ठेवायला ती काय माझी पोटची पोर आहे?

अभय म्हणाला, "मग आम्हाला का..." आणि थांबला. हुशार आहे तो, लगेच कळलं त्याला. चेहरा लाल झाला.

आता पकडलीच गेले तर रडत कशाला बसू. उलट राग आला मला, आणि बोललेच. "हो. मुद्दाम थांबवते. काय म्हणणं आहे? नाहीतर फोन केला असतात का तुम्ही? कोड घ्यायला का होईना, माझी आठवण व्हायची. तुझ्या ऑफिसचं मला कधी कळलं असतं? हिच्या गुडघ्याचं? तुमचे आवाज ऐकायला मिळायचे मला. मिटवा आता कटकट. मी तुमच्याशी बोलायचं कशाच्या जोरावर, तेवढं सांगा फक्त!"

दीपाली रडायला लागली. तिचं पाहून अक्षता. सुदर्शनराव उठून गॅलरीत गेले, आणि तिथं उभं राहून म्हणाले, "बुधवारी नेलं होतं डॉक्टरांकडं." आयुष विचारत होता, आजीला कुणी मारलं का. अभय माझ्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, "सॉरी, आई." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बोलून टाकलं होतं. आता ही मुलं काहीतरी करतील.

केलं. आमचा अभय कसलीही गोष्ट अर्धी सोडत नाही. त्याच दुपारी मूळ घर मांजरीला गेलं, नंबर त्याचा लागला, दीपालीचं वेगळं खातं झालं, प्रोफाईल सुखरूप हलली. मी जादा सदस्य झाले, आणि माझे वरचे पैसे दर महिन्याला मीच अभयला पाठवणार, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो नको नको म्हणत होता. म्हटलं, नियम म्हणजे नियम, मला वगळायचं नाही. आणि शेवटी त्यानं आणखी एक नियम केला: आईला फोन करायचे वार. मंगळवार दीपाली, गुरुवार अभय, शनिवार अक्षता. ग्रुपवर टाकला, आणि मोबाईलमध्ये गजर लावून दिले प्रत्येकाला.

टीव्हीचं सांगायचं तर उत्तम चाललंय. अ‍ॅप मला आता माझ्याच मालिका सुचवतं. कुणी माझ्या नावावर शिरत नाही, कुठं काही अडत नाही. कोड आला तर माझ्याच टीव्हीचा, माझ्याच फोनवर. तो मी मला सांगते. लगेच सांगते, थांबवत नाही.

आणि वार? वार पाळतात हो. एक चुकवत नाहीत. गुरुवारी अभयचा फोन गाडीतून. "जेवलीस? गोळी घेतली? बीपी?" "हो, हो, बरंय." "ऑफिस?" "मस्त चाललंय, आई." खराडीच्या आसपास सिग्नल सुटला की, "चल, ठेवतो." दीपाली मंगळवारी सांगते, की सगळं ठीक. गुडघा ठीक, सुदर्शन ठीक, अक्षता ठीक. अक्षता तर शनिवारी मी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "आजी, आज माझी टर्न आहे ना, बोल." मी म्हटलं, "तो सार्थक कसा आहे?" "कोण?" म्हणाली. रजेच्या टेबलावर हजेरीपटाचीही सवय होती मला. सही ठोकून बाहेर चहाला पळणारी माणसं मी जन्मभर बघितली. आता माझी मुलं माझ्या नावापुढं सही ठोकून जातात. पूर्वी मी अडवायची आणि ती अडकायची, आणि अडकली की खरं बोलायची. आता आपखुशीनं येतात, आणि काही सांगत नाहीत! तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू? मीच मागितलं होतं. वाईट वाटायचं, अगदी जिव्हारी लागायचं, आणि सांगायची सोय नाही.

मागच्या सोमवारी दुपारी मी टीव्ही लावून मेथी निवडत बसले होते. फोन वाजला. सोमवार कुणाचाच नाही. बघते तर श्रद्धा. आयुष पडला की काय, अभयला ऑफिसातून काढलं की काय. यादीत श्रद्धाचं नावच नव्हतं. अभयचा गुरुवार म्हणजे त्यातच ती आली, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

"काय झालं गं?"

"काही नाही. जयभीम, आई. बँकेत जेवणाची सुट्टी आहे."

"जयभीम. टीव्ही चालत नाहीये का?"

"चालतोय. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"बाकी सगळ्यांना तुम्ही थांबवून ठेवायचात. दहा-दहा मिनिटं. अभयला, ताईंना. सुदर्शनरावांनासुद्धा थांबवलंत. मला दीड वर्षात एकदाही नाही थांबवलंत."

मी एकदम म्हटलं, "अगं, तू कामात असतेस! कायम घाईत. उगीच कशाला खोळंबा करायचा तुझा?" सोयीचं होतं ते, तोंडावर आलं.

"घाईत असते," ती म्हणाली. "पण मी बाईंना सांगू शकत होते ना, तुम्हीच आईंना विचारा म्हणून. त्यांच्याकडं तुमचा नंबर आहे. मीच करायची फोन. दर वेळी वाटायचं, आज विचारतील काहीतरी. तुम्ही चार आकडे सांगायचात आणि पुढं बोलायला काही उरायचंच नाही. त्या रविवारी कळलं, की ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं त्यांना तुम्ही थांबवता." आवाज साधाच होता तिचा, भांडणाचा नव्हता. भांडणाचा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. "असू दे. नुसतं मनात होतं. ठेवते मी, सुट्टी संपेल."

सात वर्षं झाली त्यांच्या लग्नाला. या मुलीला सकाळी भूक लागते का, तिची आई कशानं आजारी असते, बँकेत तिला कोण छळतं, यातलं काहीएक मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. मेथीची काडी हातात तशीच.

"ठेवू नकोस," मी म्हटलं.

तिकडं बँकेतला गलबला ऐकू येत होता, कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. पुढं काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, आणि तिलाही सुचत नसावं. पण फोन तिनं ठेवला नाही.